मार्जिनचा एकच आकडा, अर्थ मात्र दोन: शेअर दलालांना खुले पत्र

प्रति,
मोबाइलवर निफ्टी ऑप्शनची ऑर्डर देण्याची सोय करून देणारे सर्व शेअर दलाल आणि त्यांच्या रिस्क विभागातील मंडळी

विषय: नेकेड शॉर्ट आणि स्प्रेड यांचे मार्जिन पडद्यावर उलगडून दाखवण्याबाबत

स.न.वि.वि.

ऑर्डर भरताना तुमच्या पडद्यावर 'आवश्यक मार्जिन' म्हणून एक आकडा येतो. ऑप्शन नुसताच विकला तरी तो येतो, आणि विकलेल्या ऑप्शनला खालचा ऑप्शन घेऊन आधार दिला तरी येतो. अक्षर तेच, रंग तोच, जागाही तीच. पण या दोन आकड्यांचे अर्थ परस्परविरोधी आहेत. नुसत्या विक्रीत, म्हणजे नेकेड शॉर्टमध्ये, तोटा मार्जिनच्या पुढे जाऊ शकतो. आधार दिलेल्या जोडीत, म्हणजे स्प्रेडमध्ये, मार्जिन तोट्याच्या चौपट असू शकते. नवा माणूस दोन्हीकडे एकच समजूत करून घेतो, की 'एवढे अडकतील, म्हणजे फार तर एवढेच जातील'. ही समजूत दोन्हीकडे चुकीची आहे, आणि ती दुरुस्त करायला सगळ्यात सोयीची जागा तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवतो. निफ्टी २५,००० वर आहे आणि लॉट ६५ चा आहे. मंगळवारच्या एक्स्पायरीला आठवडा आहे. २४,५०० चा पुट १०० रुपयांना विकला. खात्यात प्रीमियमचे ६,५०० रुपये आले. आता क्लिअरिंग कॉर्पोरेशन मार्जिन कसे काढते ते पाहू.

मार्जिनचे दोन भाग असतात. पहिला स्पॅन. शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजने १९८८ मध्ये ही पद्धत आणली आणि आपल्याकडे तीच वापरली जाते. तिच्यात एका उत्पादनातल्या तुमच्या सगळ्या पोझिशन एकत्र मांडून १६ परिस्थितींतून नेल्या जातात. भाव जागच्या जागी, एक तृतीयांश वर, दोन तृतीयांश खाली, पूर्ण पट्टीभर खाली, अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर व्होलॅटिलिटी एकदा वाढवून आणि एकदा उतरवून पाहिली जाते. शेवटच्या दोन परिस्थिती टोकाच्या हालचालीच्या असतात आणि त्यांतला तोटा अंशतः धरतात. या सगळ्यांत जिथे सर्वांत जास्त तोटा निघतो, तो पायाभूत आकडा. निफ्टीसाठी ही पट्टी किमान ९.३ टक्के धरली जाते. बाजार बिथरला की ती रुंदावते.

२५,००० चे ९.३ टक्के म्हणजे २,३२५ अंक. पट्टीच्या खालच्या टोकाला निफ्टी २२,६७५ वर येतो. तिथे २४,५०० च्या पुटची किंमत किमान १,८२५ रुपये होते. एक्स्पायरी आठवड्यावर असल्यामुळे वेळेचे मूल्य तिथे नगण्य असते, म्हणून ते सोडून देऊ. १,८२५ गुणिले ६५ म्हणजे १,१८,६२५ रुपये. हे झाले स्पॅन. मिळालेले ६,५०० रुपये खात्यात आहेतच, ते याच रकमेत कामी येतात.

दुसरा भाग एक्स्पोजर मार्जिनचा. इंडेक्स ऑप्शनच्या विक्रीवर तो साधारणपणे कराराच्या पूर्ण मूल्याच्या २ टक्के असतो. पूर्ण मूल्य म्हणजे २५,००० गुणिले ६५, म्हणजेच १६,२५,००० रुपये. त्याचे २ टक्के ३२,५००. दोन्ही मिळून १,५१,१२५ रुपये. तुमच्या पडद्यावर दिसतो तो हा आकडा, थोडाफार इकडेतिकडे.

आता तोट्याकडे या. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात जवळपास १३ टक्के पडला होता. तशीच पडझड आपल्या उदाहरणात झाली तर निफ्टी ३,२५० अंक खाली, म्हणजे २१,७५० वर येतो. २४,५०० चा पुट २,७५० रुपयांचा होतो. एका लॉटचा बोजा १,७८,७५० रुपये. त्यातून प्रीमियम वजा केला तरी तोटा १,७२,२५० उरतो. मार्जिन होते १,५१,१२५. एकवीस हजार रुपये घरून आणावे लागतील, आणि ज्याने खात्यातले सगळे पैसे लावून चार लॉट विकले असतील त्याला चौऱ्याऐंशी हजार. अशा दिवशी व्होलॅटिलिटी उसळते, स्पॅनची पट्टी रुंदावते आणि मार्जिनही तासागणिक वाढते, ते वेगळेच. नेकेड शॉर्टचे मार्जिन म्हणजे एका ठराविक हालचालीपुरती घेतलेली अनामत. त्या हालचालीपलीकडचा तोटा विकणाऱ्याच्या डोक्यावर असतो.

याच पुटला आधार देऊ. २४,३०० चा पुट ६० रुपयांना घेतला. हातात निव्वळ ४० रुपये राहिले, म्हणजे लॉटमागे २,६००. दोन स्ट्राइकमधले अंतर २०० अंकांचे. निफ्टी कितीही पडला तरी तोटा २०० वजा ४०, म्हणजे १६० अंक. रुपयांत १०,४००. हा आकडा ऑर्डर देतानाच पक्का असतो. २३ मार्च २०२० सारखा दिवस आला तरी तो १०,४०० च राहतो.

स्पॅन हे कसे पाहते ते नीट बघण्यासारखे आहे. ते दोन पुटांना वेगळे धरत नाही, दोघांना एकाच परिस्थितीत एकत्र उभे करते. निफ्टी २२,६७५ वर नेला की विकलेला पुट १,८२५ चा होतो आणि घेतलेला १,६२५ चा. फरक २००. व्होलॅटिलिटी वाढवा किंवा उतरवा, फरक २०० च्या आसपासच राहतो, कारण दोन्ही पुट खोलवर इन द मनी गेलेले असतात. म्हणून स्पॅन २०० गुणिले ६५, म्हणजे १३,००० रुपये. १,१८,६२५ वरून थेट १३,०००. यातले २,६०० प्रीमियमच्या रूपाने आधीच खात्यात आहेत, म्हणजे स्पॅनचे उत्तर आणि आपला १०,४०० चा हिशेब तंतोतंत जुळतात.

पण पडद्यावर १३,००० दिसत नाहीत. दिसतात ४५,५००. कारण एक्स्पोजर मार्जिनला खालचा पुट दिसतच नाही. ते विकलेल्या लेगच्या, म्हणजे जोडीतल्या विकलेल्या बाजूच्या, पूर्ण मूल्यावर लागते, आधार असो वा नसो. ३२,५०० जसेच्या तसे राहतात. सगळा घोळ इथून सुरू होतो. माणूस म्हणतो, 'तोटा दहा हजारांचा आणि अडकवतात पंचेचाळीस हजार, म्हणजे काहीतरी आणखी धोका असणार.' दुसरा म्हणतो, 'स्प्रेड आणखी अरुंद केला तर मार्जिन निम्मे होईल.' होत नाही. २०० चे अंतर १०० वर आणले तर स्पॅन १३,००० वरून ६,५०० होते, पण एकूण मार्जिन ४५,५०० वरून ३९,००० वरच येते. अंतर निम्मे झाले, प्रीमियम जवळपास निम्मा झाला, अडकलेली रक्कम मात्र सातव्या हिश्शानेच घटली. उलट अंतर ५०० केले, म्हणजे आधार २४,००० च्या पुटचा घेतला, तर स्पॅन ३२,५०० आणि एकूण ६५,०००. मार्जिन दीडपटीच्या आतच वाढले, पण जास्तीत जास्त तोटा १०,४०० वरून तीस हजारांच्या आसपास गेला. फक्त मार्जिनचा आकडा पाहणाऱ्याला हा फरक दिसणार कसा?

म्हणून पहिली मागणी अगदी साधी आहे. त्या एका आकड्याच्या जागी तीन आकडे दाखवा: स्पॅन, एक्स्पोजर आणि जास्तीत जास्त तोटा. नेकेड शॉर्ट कॉल असेल तर तिसऱ्या जागी 'मर्यादा नाही' असे स्पष्ट शब्दांत लिहा. नेकेड पुटला निफ्टी शून्यावर जाईपर्यंतचा आकडा दाखवा. आपल्या उदाहरणात तो पंधरा लाख शहाऐंशी हजारांचा येतो आणि तो डोळ्यांसमोर असायला हवा. यासाठी नवा विदा लागत नाही. स्पॅनच्या फाइल तुम्ही दिवसातून अनेकदा उतरवून घेताच, आणि बाकीचा हिशेब पाचवीच्या मुलाच्या गणिताइतका आहे.

याच संदर्भात एक सवय सांगतो, कारण तुमचे काही सल्लागार ती शिकवतात. मार्जिन कमी करायला लांबचा, दोन-तीन रुपयांचा पुट घ्यायचा. २२,५०० चा पुट घेतला असे समजा. स्पॅनच्या पट्टीचे टोक २२,६७५ ला आहे. तिथे पोहोचल्यावरही हा पुट आउट ऑफ द मनीच असतो. वाढलेल्या व्होलॅटिलिटीमुळे त्याची थोडी किंमत धरली जाते तेवढाच फायदा. २३,००० चा घेतला तर टोकाला तो ३२५ रुपयांचा होतो आणि स्पॅनमधून २१,१२५ रुपये कमी होतात. एकूण मार्जिन १,३०,००० होते. आधार पट्टीच्या आत जितका खोल, तितकी सूट मोठी. आधाराचा पुट निवडताना त्याचा प्रीमियम किती कमी आहे हे पाहण्यापेक्षा तो पट्टीत कुठे बसतो हे पाहिले पाहिजे. पडद्यावर पट्टीचे दोन टोकांचे अंक दाखवले तर कुणालाही हे समजेल.

आता त्याहून नाजूक भागाकडे. ४५,५०० हे मार्जिन जोडीचे आहे. जोडी ज्या क्षणी अपुरी असते, त्या क्षणी मार्जिन नेकेड शॉर्टचे असते.

समजा खात्यात ६०,००० रुपये आहेत. आधी २४,३०० चा पुट घेतला: ३,९०० गेले, ५६,१०० उरले. मग २४,५०० चा विकला: ६,५०० आले आणि खात्यातल्या ६२,६०० मधून ४५,५०० अडकले. काम झाले. हाच क्रम उलटा केला तर पहिल्याच ऑर्डरला १,५१,१२५ लागतात आणि ऑर्डर नाकारली जाते. निदान इथे नुकसान होत नाही, ऑर्डर जातच नाही. बास्केट ऑर्डरमध्ये तुम्ही दोन आकडे दाखवता, आधी लागणारे मार्जिन आणि सगळ्या लेग भरल्यावर राहणारे. ही चांगली सोय आहे. फक्त त्या दोनांत फरक का पडतो ते एका ओळीत लिहा, आणि खरेदीची लेग आपोआप वर घ्या. खरेदीची लेग लिमिट ऑर्डरवर अर्धीच भरली तर विक्रीही तेवढ्याच लॉटपुरती पुढे गेली पाहिजे. दहा लॉटच्या बास्केटमध्ये खरेदी सहा लॉटची झाली आणि विक्री दहांची गेली, तर चार लॉट उघडे राहतात. चार लॉटना सहा लाख रुपये लागतात.

बाहेर पडताना मात्र फटका खरोखर बसतो. घेतलेला पुट फायद्यात दिसतो, हात शिवशिवतो आणि तो आधी विकला जातो. किंवा 'सगळे बंद करा' म्हणताना घेतलेली लेग पटकन भरली जाते आणि विकलेली लटकून राहते. विकण्याची ही ऑर्डर हातातली पोझिशन कमी करणारी असल्यामुळे बहुतेक ठिकाणी ती मार्जिनच्या तपासणीशिवाय पुढे जाते. त्या क्षणी ४५,५०० चे १,५१,१२५ होतात. घेतलेला पुट विकून आलेले पैसे धरून खात्यात साधारण ६६,००० असतील, म्हणजे तूट पंचाऐंशी हजारांच्या घरात.

ही तूट दहा मिनिटांची असली तरी मोजली जाऊ शकते. क्लिअरिंग कॉर्पोरेशन दिवसातून किमान चार वेळा, आधी न सांगता, पोझिशनची नोंद घेते आणि त्यांतले सर्वाधिक मार्जिन त्या दिवसाचे 'पीक' धरते. १ सप्टेंबर २०२१ पासून या पीकच्या पूर्ण १०० टक्के रकमेची तरतूद असावी लागते. तूट एक लाखाच्या आत आणि लागणाऱ्या मार्जिनच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर दंड तुटीच्या अर्धा टक्का. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तर १ टक्का. आपल्या उदाहरणातली तूट एक लाखाच्या आत आहे पण १० टक्क्यांच्या कितीतरी पुढे, म्हणून १ टक्का: साधारण साडेआठशे रुपये, त्यावर कर. ज्या स्प्रेडमध्ये मुळात जास्तीत जास्त २,६०० मिळणार होते, त्यातले एक तृतीयांश केवळ लेग चुकीच्या क्रमाने बंद केल्यामुळे जातात.

आगाऊ मार्जिनच्या तुटीचा दंड एरवी तुम्हाला ग्राहकावर टाकता येत नाही. पण ग्राहकाने स्वतः हेज मोडल्यामुळे किंवा हेजची एखादी लेग एक्स्पायर झाल्यामुळे मार्जिन वाढले असेल, तर तो टाकता येतो. नियमाचे हे कलम तुम्हाला माहीत आहे, ग्राहकाला नाही. मग निदान त्याने घेतलेली लेग विकायला काढली की पडदा थांबवा आणि लिहा: 'ही लेग आधी विकल्यास मार्जिन ४५,५०० वरून १,५१,१२५ होईल. आधी शॉर्ट लेग परत घ्या.' खाली दोन बटणे द्या. ठरलेल्या क्रमाने बंद करायचे बटण मोठे ठेवा.

आणखी एक जागा आहे जिथे कुणी काहीच न करता मार्जिन वाढते. सेबीने १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने इंडेक्स ऑप्शनच्या विक्रीवर एक्स्पायरीच्या दिवशी २ टक्के जादा मार्जिन आणले, २० नोव्हेंबर २०२४ पासून. ज्या विकलेल्या लेगची त्या दिवशी एक्स्पायरी आहे, तिच्यावर ते सकाळपासून लागते, आदल्या दिवसापासून चालत आलेल्या पोझिशनलाही. नेकेड शॉर्टला १,५१,१२५ चे १,८३,६२५ होतात, म्हणजे एक पंचमांशाने वाढ. स्प्रेडला ४५,५०० चे ७८,००० होतात, म्हणजे पाऊणपटीच्या जवळ वाढ. टक्केवारी सारखीच, पण ज्याने धोका बांधून ठेवला त्याच्या खात्यावर तिचा भार जास्त पडतो. वर ज्याच्या खात्यात ६२,६०० होते, त्याला सोमवारी संध्याकाळी सगळे ठीक दिसते आणि मंगळवारी सकाळी पंधरा हजारांची तूट निघते. जास्तीत जास्त तोटा तोच १०,४००, आणि अडकलेली रक्कम त्याच्या साडेसातपट.

हा नियम सेबीचा आहे, तुमचा नाही. एक्स्पायरीच्या दिवशी शेवटच्या तासात विकणाऱ्यांवर येणारा ताण पाहता त्यामागचे कारणही पटते. स्प्रेडला, निदान दोन्ही लेग एकाच एक्स्पायरीच्या असतील तेव्हा, हे जादा मार्जिन जास्तीत जास्त तोट्यापुरते मर्यादित करावे असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि तुमच्या संघटनांनी ते सेबीपुढे मांडावे. तोवर तुमच्या हातात एवढे आहे: सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास ग्राहकाला उद्याच्या मार्जिनचा आकडा रुपयांत कळवा. 'मार्जिन वाढू शकते' असला मोघम निरोप नको. त्या वेळी बाजार चालू असतो, माणसाला पैसे भरता येतात किंवा स्प्रेड क्रमाने बंद करता येतो. मंगळवारी सव्वानऊला निरोप आला तर तो घाईत नेमकी चुकीची लेग आधी विकतो.

हाच इशारा कॅलेंडर स्प्रेडला दुप्पट लागू आहे. या आठवड्याचा पुट विकून पुढच्या महिन्याचा घेतला, की एरवी मार्जिनमध्ये सूट मिळते. १ फेब्रुवारी २०२५ पासून एक्स्पायरीच्या दिवशी, त्या दिवशी संपणाऱ्या लेगला ही सूट मिळत नाही. त्या सकाळी विकलेली लेग नेकेड मानली जाते. उलट प्रकार आणखी वाईट: लांबच्या एक्स्पायरीचा पुट विकला आणि जवळच्याचा आधार घेतला, तर मंगळवारी साडेतीनला आधार संपतो आणि बुधवारी नुसता शॉर्ट उरतो. अशा जोडीला तुमच्या पडद्यावर 'हेज्ड' अशी हिरवी पट्टी दिसते, त्या पट्टीवर आधार संपण्याची तारीखही छापा.

शेअरच्या ऑप्शनबद्दल थोडक्यात. तिथे एक्स्पायरीला प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात, त्यामुळे 'बांधलेला तोटा' हा शब्द शेवटच्या दिवशी सुटतो. ५०० च्या लॉटमध्ये १,००० चा पुट विकला, ९६० चा घेतला आणि भाव ९८० वर बंद झाला, तर घेतलेला पुट शून्य होतो आणि ५०० शेअर १,००० ने घ्यावे लागतात. पाच लाख रुपये उभे करायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या भावाचा धोका अंगावर. भाव ९६० च्या खाली बंद झाला असता तर दोन्ही लेग एकमेकींत वळत्या झाल्या असत्या. इंडेक्सच्या स्प्रेडचा पडदा जसाच्या तसा शेअरच्या स्प्रेडला वापरू नका. दोन स्ट्राइकच्या मधल्या पट्ट्यात भाव आला की काय होते, ते तिथे वेगळे लिहायला हवे.

वर दिलेले आकडे निफ्टी २५,००० आणि लॉट ६५ धरून, वेळेचे मूल्य सोडून काढले आहेत. तुमच्या प्रणालीत त्या दिवसाच्या फाइलप्रमाणे ते काही हजारांनी बदलतील. तुमच्या रिस्क विभागाने हेच दोन पुट एकदा स्वतःच्या मार्जिन कॅल्क्युलेटरमध्ये भरावेत: आधी एकटा २४,५००, मग जोडी, मग जोडीतून २४,३०० काढून. त्या तीन उत्तरांपैकी आज ग्राहकाला ऑर्डरच्या आधी कोणती दिसतात, हे आम्हाला कळवावे, आणि उरलेली कधीपासून दिसतील त्याची तारीखही.

आपले,
ऑप्शनच्या मार्जिनचा हिशेब रोज मांडणारे काही जण